मित्राला ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणता येत नाही

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांची. राहते राजेंद्रनगरला, नोकरी विजयनगरला. आमच्या नाटकाच्या ग्रुपमधला माझा सगळ्यात जवळचा मित्र अकरावीपासूनचा आहे. ऑफिसला रोज त्याच्याच गाडीवर जाते. गेल्या रविवारी तालमीनंतर चहा पिताना तो म्हणाला, ‘मला तू आवडतेस, मैत्रिणीपेक्षा जास्त. उत्तराची घाई नाही.’ मला त्याच्याबद्दल तसं काहीच वाटत नाही, पण तो आयुष्यातून गेला तर मला सहन होणार नाही. गणपतीत आमचा प्रयोग आहे आणि त्यात आम्ही नवरा-बायको आहोत. दोघांच्या आया एकाच भजनी मंडळात आहेत. एक मैत्रीण म्हणते, आठ दिवसांवर राखी आहे, बांधून टाक, विषय संपेल. तो दुखावणार नाही आणि मैत्रीही तुटणार नाही, असं ‘नाही’ कसं म्हणू?

उत्तर: राखीचं आधी बोलते, कारण त्याला आठच दिवस उरलेत. बांधू नकोस. इंदुरात समुपदेशनाचं काम करताना मला वीस वर्षं होत आली. नकाराने तुटलेल्या मैत्रीच्या हकिगती ऐकताना राखीचा किस्सा पुन्हा पुन्हा येतो. एक मुलगा मला म्हणाला होता, ‘तिने नाही म्हटल्याचं एवढं लागलं नाही. सगळ्यांसमोर हात पुढे करून हसत बसावं लागलं, ते लागलं.’ राखी म्हणजे न बोलता दिलेलं उत्तर. त्यात समोरच्याला विचारायला जागा उरत नाही, आणि जे नातं त्याच्या मनात नाही ते त्याला चारचौघांत निभवावं लागतं. तो तुझ्याशी खरं बोलला आहे. त्याला उत्तरही तोंडानेच मिळायला हवं.

आता तुझ्या प्रश्नातला ‘दुखावणार नाही’ हा भाग तू सोडून द्यावास, असं मला मनापासून वाटतं. तो दुखावला जाणार आहे. तू कितीही गोड शब्द निवडलेस तरी नकार लागतोच. तो एकदाच लागावा, एवढं मात्र तुझ्या हातात आहे. मैत्री मोडते ती बहुतेक वेळा पहिल्या दुखण्याने मोडत नाही. तेच दुखणं महिनोन् महिने पुन्हा उकरलं गेलं की मोडते, आणि उकरणारं माणूस बऱ्याचदा नकार देणारंच असतं. तेही दयेपोटी.

१९९३ साली रॉय बाउमायस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांबरोबर एकतर्फी प्रेमावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणसांकडून दोन्ही बाजूंच्या हकिगती लिहून घेतल्या होत्या: तुम्ही कुणावर प्रेम केलंत आणि ते फळलं नाही ती एक, आणि कुणी तुमच्यावर केलं आणि तुम्हाला ते नको होतं ती दुसरी. प्रेम करणाऱ्याच्या बाजूने लिहिताना वारंवार येत होतं की समोरच्याने आशा लावली आणि स्पष्ट नकार कधी दिलाच नाही. नकार देणाऱ्याच्या बाजूने लिहिताना येत होता अपराधीपणा, आणि ‘मी तर आशा लावली नव्हती’ ही खात्री. एकच गोष्ट, पण दोन टोकांनी इतकी वेगळी दिसते. त्या अभ्यासातलं आणखी एक निरीक्षण मी माझ्या खोलीत रोज पाहते. प्रेम करणाऱ्याने काय करायचं याचे शेकडो नमुने गाण्यांत आणि गोष्टींत तयार असतात. नकार देणाऱ्याने काय बोलायचं याचा नमुना कुठेच नसतो. म्हणून तो चाचपडतो.

आपल्या घरांत एक नमुना आहे, पण तो इथे चालत नाही. ठरवून केलेल्या लग्नात नकार कसा जातो ते तू पाहिलं असशीलच. मुलगी पाहून गेलेले लोक ‘आवडली नाही’ असं कधी म्हणत नाहीत. मध्यस्थाकडून निरोप येतो, ‘पत्रिका जुळत नाही’ किंवा ‘योग दिसत नाही’. दोन्हीकडचे मोठे समजून जातात, कुणी वाद घालत नाही. ही रीत चांगली आहे, कारण मध्ये तिसरा माणूस असतो, आणि हे कारण खोडून काढायचं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुझ्या आणि त्याच्या मध्ये तिसरं कुणी नाही. दहा वर्षांच्या मित्राला तू कारण सांगितलंस की त्याला ती अडचण वाटणार, आणि मित्राची अडचण सोडवायला तो धावणारच. तेच तर तो आजवर करत आला आहे.

म्हणजे बघ, ‘सध्या मला करिअरवर लक्ष द्यायचंय’ म्हणालीस तर त्याला ऐकू येईल, ‘वर्षभराने विचार.’ ‘घरचे मानणार नाहीत’ म्हणालीस तर तो तुझ्या बाबांची कामं करायला लागेल. ‘मैत्री बिघडेल म्हणून भीती वाटते’ म्हणालीस तर बिघडणार नाही हे पटवून द्यायला तो जिवाचं रान करेल. ‘तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल’ याचा अर्थ तो लावेल की ही स्वतःला कमी समजते, हिला धीर द्यायला हवा. यातलं एकही वाक्य बोलताना तुझ्या मनात खोट नसेल. पण प्रत्येकात एक ‘जर’ लपलेला आहे, आणि त्याला तेवढाच ऐकू येईल.

याचा परिणाम किती लांब जातो, ते एका हकिगतीवरून सांगते. दोघांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे नकार देणारा मुलगा होता, बँकेत नोकरीला. त्याच्या मैत्रिणीने त्याला विचारलं तेव्हा तो गडबडला आणि म्हणाला, ‘अगं, आधी ताईचं लग्न व्हायचंय, आत्ता घरात हा विषय कसा काढू?’ त्याला वाटलं, झालं, नकार पोहोचला. तिला वाटलं, ताईचं लग्न होऊ दे.

लग्न जमायला आणि व्हायला चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत ती मैत्रीण घरची झाली. खरेदीला ती, पत्रिका वाटायला ती. लग्नाच्या आदल्या रात्री त्याच्या आईबरोबर सतरंजीवर बसून तिने दीडएकशे ओटीच्या पिशव्या भरल्या, प्रत्येकीत खण, नारळ, हळदीकुंकवाची पुडी. तो ये-जा करताना पाहत होता आणि त्याला बरंच वाटत होतं, की बघा, आमची मैत्री कशी टिकली! लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मांडव उतरत होता तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘आता विचार ना घरी.’

मग तो माझ्याकडे आला. तो मला पुनःपुन्हा एकच सांगत होता, ‘पण मी तिला कधी हो म्हटलंच नव्हतं.’ ते खरंच होतं. त्याने नाहीही म्हटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याने तिला भेटून साधं वाक्य सांगितलं, की मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हतं, आणि मी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. ती रडली ती नकारासाठी कमी आणि त्या दीडशे पिशव्यांसाठी जास्त. मला ती नंतर म्हणाली, ‘काकूंना ठाऊक नव्हतं, त्याला ठाऊक होतं, आणि त्याने मला भरू दिल्या.’

ही मैत्री पुढे कशी सावरली ते सांगेन, पण आधी तुझं.

तुझ्याकडे वेळ आहे, पण फार नाही. ‘घाई नाही’ हे तो मोठ्या मनाने म्हणाला. रोज सकाळी तू गाडीवर मागे बसतेस तेव्हा मात्र तो आरशात तुझा चेहरा वाचत असणार. उत्तर येईपर्यंत तुझा प्रत्येक मेसेज त्याच्यासाठी इशारा आहे. तुझ्या मनात खरंच द्विधा असती तर मी सांगितलं असतं, ‘मला दहा दिवस दे’ असं तारखेनिशी सांग आणि दहाव्या दिवशी बोल. पण ‘तसं काहीच वाटत नाही’ हे तू स्वतःच लिहिलं आहेस. तेव्हा याच आठवड्यात बोल, राखीच्या आधी.

तो समोरासमोर बोलला, तर उत्तरही समोरासमोर दे. (त्याने लिहून विचारलं असतं तर लिहिलेलं उत्तर चाललं असतं. लेखी उत्तराने काही माणसांचा मान जास्त राखला जातो, कारण चेहरा लपवायची सोय असते.) जागा निवडताना एकच पाहा, की बोलणं झाल्यावर दोघांना आपापल्या वाटेने लगेच निघता आलं पाहिजे. गाडीवर नको, तिथे तो अडकलेला असतो. तुमच्या घरी नको, तुझी आई पोह्यांची बशी घेऊन येईल आणि त्याला हसावं लागेल. सराफ्यात नको, छप्पन दुकानला नको, दर पाच मिनिटांनी कुणी ओळखीचं भेटेल. ज्या टपरीवर त्याने विचारलं तिथे तर नकोच, ती जागा त्याला पुढे तालमीनंतर रोज पाहायची आहे. मेघदूत बागेसारखी मोकळी जागा, दिवसाउजेडी, शनिवारी संध्याकाळी, म्हणजे त्याला रविवार मिळेल. त्या दिवशी तू तुझी गाडी घेऊन जा किंवा रिक्षाने जा. आणि बोलावतानाच विषय सांग: ‘रविवारी तू जे बोललास त्याबद्दल बोलायचंय, वीस मिनिटं लागतील.’ नुसतं ‘भेटूया का’ लिहिलंस तर तो नवा शर्ट घालून येईल.

बोलायचं इतकंच आहे, तुझ्या भाषेत वळवून घे:

‘तू जे सांगितलंस त्याचा मी नीट विचार केला. मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाही, आणि पुढे वाटेल असंही मला वाटत नाही. हे आत्ताच सांगते, म्हणजे तू थांबून राहणार नाहीस. तू बोललास त्याचा मला राग नाही, तू काही चूक केली नाहीस.’

यात ‘पुढे वाटेल असंही वाटत नाही’ हे वाक्य सगळ्यांत जड जातं आणि बहुतेक जण नेमकं तेच गाळतात. ते गाळलंस तर बाकीचं सगळं पुन्हा ‘बघू’ होतं. मी माझ्याकडे आलेल्यांना ते वाक्य खोलीत मोठ्याने तीन-चारदा म्हणायला लावते. पहिल्या खेपेला घशात अडकतं, चौथ्या खेपेला येतं. तूही घरी म्हणून बघ. नाटकवाली आहेस, पाठांतराचं महत्त्व तुला मी काय सांगू.

हे बोलून झालं की गप्प बस. इथे शांतता येईल, कदाचित मिनिटभर, आणि ते मिनिट तुला असह्य होईल. याच मिनिटात लोक ‘पण आपण आधीसारखेच राहू हं’, ‘तू किती चांगला आहेस’, ‘कोण जाणे, पुढे काय होईल’ असं बोलून सगळं परत उघडतात. ते मिनिट त्याचं आहे, त्याला घेऊ दे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर पाण्याची बाटली पुढे कर, पण हात हातात घेऊ नकोस. तुझा हेतू धीर द्यायचा असेल, त्याला मात्र त्या स्पर्शाचा अर्थ पुढे महिनाभर लावत बसावा लागेल.

तो विचारेल, ‘का?’ हा प्रश्न येतोच. त्याचं खरं उत्तर असं आहे: ‘कारण असं काही नाही. तुझ्यात काही कमी नाही, माझ्या मनात ती भावना नाही, एवढंच.’ तो म्हणेल, ‘मग आपण इतकं बोलायचो ते?’ त्यावर वाद घालू नकोस. ‘मला ते मैत्रीचं वाटत होतं. तुला वेगळं वाटलं असेल, ते मी समजू शकते.’ मागे वळून पाहिल्यावर तुला स्वतःला काही आठवत असेल, कधी तू त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असशील, कधी गमतीत ‘तुझ्याशीच लग्न करते’ म्हणाली असशील, तर त्याबद्दल साधं सॉरी म्हण. ‘दुसरं कुणी आहे का?’ असं विचारलं आणि नसेल, तर ‘नाही’. असेल, तर ‘आहे’. नसताना ‘आहे’ म्हणायचा मोह होईल, कारण त्याने विषय पटकन बंद होतो. पण तुमचा ग्रुप एक आहे, इंदूर एवढंसं आहे, आणि खोटा माणूस दोन महिन्यांत उघडा पडतो. मग तुझं ‘नाही’सुद्धा खोटं ठरेल.

आता मैत्री. तुला ती हवी आहे, आणि ते सांगण्यात काही चूक नाही. पण ती त्याच दमात मागू नकोस. नकार ऐकलेल्या माणसाला ‘पण आपण मित्र आहोत ना?’ असं विचारणं म्हणजे जखमेवर पट्टी बांधायच्या आत त्याच्याकडून पावती मागणं. तो ‘हो हो’ म्हणेल, तुझ्या समाधानासाठी. शेवटी, निघताना एवढंच म्हण, ‘मला तुझी मैत्री महत्त्वाची आहे. पण तुला लांब राहावंसं वाटलं तर राहा, कितीही दिवस. मी वाईट वाटून घेणार नाही.’ आणि मग खरंच वाटून घेऊ नकोस. त्याने आठ दिवस मेसेज केला नाही तर ‘रागावलास का?’ असं विचारायचं नाही.

अंतर फक्त बोलून पडत नाही, ते तुला पाडावं लागेल, आणि पहिली गोष्ट म्हणजे गाडी. सोमवारपासून त्याच्या मागे बसू नकोस. हे त्याच्यावर सोडू नकोस, तो ‘नको येऊस’ असं कधीच म्हणणार नाही. तूच सांग, ‘महिना-दोन महिने मी वेगळी जाईन, दोघांनाही बरं पडेल.’ बस, रिक्षा, जे काय जमेल ते. यात तुझी गैरसोय आहे आणि ती तू सोसायची आहेस. राजेंद्रनगर ते विजयनगर हा रोजचा पाऊण तास म्हणजे त्याच्यासाठी दिवसातून दोनदा नव्याने सुरू होणारी आशा आहे.

दुसरी गोष्ट रात्रीच्या गप्पा. तू ऑफिसातलं रडगाणं त्याला रात्री अकराला सांगत असशील, असा माझा अंदाज आहे. ते थांबव, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अधूनमधून चालू ठेवू नकोस. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग यासाठी मला फार उपयोगी वाटतात. बटणावर चोच मारली की प्रत्येक वेळी दाणा मिळणारं कबुतर, दाणा बंद झाल्यावर लवकर थांबतं. ज्याला कधी मिळतो, कधी मिळत नाही, असं कबुतर दाणा पूर्ण बंद झाल्यावरही कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतं. चार दिवस अंतर आणि पाचव्या रात्री ‘झोप येत नाहीये, बोल ना’ हे त्या दुसऱ्या कबुतरासारखं आहे. एकटं तुलाही वाटेल. तुझाही सगळ्यात जवळचा माणूस काही काळ गेलेला असेल, आणि हे दुःख खरं आहे. पण ते घेऊन दुसऱ्या कुणाकडे जा. त्याच्याकडे जाऊ नकोस.

प्रयोग सोडू नकोस. तालीम ही उलट बरी जागा आहे. तिथे वाक्यं लिहिलेली असतात, हालचाली ठरलेल्या असतात, दिग्दर्शक असतो, सातआठ माणसं असतात. नवरा-बायकोचं काम तुम्ही दोघं जाणत्या माणसांसारखं करू शकता. अडचण तालमीनंतरच्या चहाची आहे. तिथून पंधरा दिवस तू लवकर नीघ, त्याला तिथे राहू दे. ग्रुप त्याचाही आहे, आणि या दिवसांत त्याला त्याची जास्त गरज आहे. त्याला भूमिका बदलून हवी असेल तर ते त्याने दिग्दर्शकाला त्याच्या शब्दांत सांगावं, तू आपणहून मांडू नकोस. मांडलंस तर कारण विचारलं जाईल आणि गोष्ट फुटेल.

गोष्ट न फुटणं, हा मला या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग वाटतो. त्याने तुला सांगितलं ते त्याचं गुपित आहे. राखीचा सल्ला देणारी मैत्रीण ग्रुपमधलीच असेल तर आजच तिला सांग, की हे इथेच थांबव. मनातलं बोलायला एक माणूस हवंच असेल तर ग्रुपबाहेरचं निवड. आईला सांगायची गरज नाही. ‘हल्ली तो दिसत नाही?’ असं तिने विचारलं तर ‘ऑफिसच्या वेळा बदलल्यात’ असली थाप मारू नकोस, ती भजनाला त्याच्या आईला विचारेल. ‘आमचं थोडं काही चाललंय, आमचं आम्ही बघू’ म्हण. मराठी आया यावर दोन दिवस धुसफुसतात, मग सोडून देतात. त्याला निघताना हेही सांग, ‘हे मी कुणाला सांगणार नाही.’ पुन्हा चारचौघांत मान वर करून यायला त्याला हेच वाक्य सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

तो सावरतोय हे कसं ओळखायचं? हसतोय, गमती करतोय यावर जाऊ नकोस, ते पहिल्या आठवड्यातही जमतं. तुझ्या एखाद्या बोलावण्याला तो सहज ‘नाही गं, आज नको’ म्हणाला तर ते चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या कुणा मुलीबद्दल तो तुझा चेहरा न निरखता बोलला तर तेही चांगलं. उलट जुने फोटो पाठवणं, ‘तुझ्यासाठी मी काय काय केलं’ अशी मोजदाद, तू कुणाबरोबर कुठे गेलीस याची चौकशी, रात्रीचे लांबलचक मेसेज, हे दिसलं तर आशा अजून जिवंत आहे, आणि अंतर वाढवायला हवं. वेळ किती लागेल हे ठरलेलं नसतं. मी जे पाहिलं आहे त्यात तीन-चार महिन्यांच्या आत खरं पूर्ववत झालेलं क्वचितच असतं. काही वेळा वर्ष लागतं. काही वेळा माणूस परत येतच नाही, नकार कितीही नीट दिलेला असला तरी. मैत्री राहावी की नाही हे ठरवण्याचा अर्धा हक्क त्याचा आहे.

त्याने काही महिन्यांनी पुन्हा विचारलं तर पहिल्यापेक्षा छोटं उत्तर दे: ‘माझं उत्तर तेच आहे.’ नवी समजूत घालू नकोस. त्यानंतरही तो थांबला नाही, तर एकदा लेखी कळव की यापुढे मला संपर्क करू नकोस, आणि मग उत्तर देणं पूर्ण थांबव. भारतीय न्याय संहितेचं ७८वं कलम नेमकं याबद्दल आहे: स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुरुषाने पुन्हा पुन्हा मागे लागणं, संपर्क साधणं हा गुन्हा आहे. तू लिहिलेल्या वर्णनावरून हा मुलगा तसा वाटत नाही, पण उत्तर पहिल्यापासून स्वच्छ असण्याचं हेही एक कारण आहे. आणि तो जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला, चेष्टेत जरी, तर ते गुपित राखायचं नाही. त्याच दिवशी त्याच्या घरच्या एका मोठ्या माणसाला सांगायचं, आणि त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. तिथे फुकट आणि चोवीस तास बोलता येतं. फक्त भीतीपोटी उत्तर बदलायचं नाही. त्या वेळी त्याला सांभाळणारी माणसं तुझ्याखेरीजची असली पाहिजेत.

त्या दोघांचं राहिलं. साडेचार महिने ती त्याच्याशी एक अक्षरही बोलली नाही, त्यानेही विचारलं नाही. मग एका दुपारी तिचा मेसेज आला: ‘बाबांच्या पेन्शनच्या फॉर्मवर जॉइंट फोटो लागतो का?’ तो तो मेसेज घेऊन माझ्याकडे आला, याला काय उत्तर देऊ म्हणून. त्याने आधी लिहून ठेवलेलं उत्तर लांबलचक होतं, त्यात ‘किती बरं वाटलं तुझा मेसेज पाहून’ होतं, ‘चुकलो मी’ होतं. आम्ही ते पुसलं. त्याने लिहिलं, ‘हो, आईबरोबरचा. तीन प्रती लागतात, फॉर्मचा फोटो पाठव, बघून सांगतो.’ तिने फोटो पाठवला. त्याने दोन रकाने दुरुस्त करायला सांगितले. ‘थँक्स’ आलं, आणि त्या दिवशी तेवढंच.